परत आलेल्या चपलेचे पैसे अडकलेत, गिऱ्हाइकाला नेमकं काय लिहावं?

वादी_वेणी (निपाणी), ३ नोव्हेंबर २०२५

नमस्कार मंडळी. आम्ही कोल्हापुरी चपला ऑनलाइन विकतो. माल अथणी भागातून, जास्त करून मदभावीकडून येतो आणि पॅकिंग निपाणीत होतं. स्वतःची छोटी वेबसाइट आहे, पैसे पेमेंट गेटवेतून येतात.

पुण्याच्या एका गिऱ्हाइकाने १,८५० रुपयांची जोडी मागवली, यूपीआयने पैसे भरले. आठ नंबर लहान झाला म्हणून १७ ऑक्टोबरला कुरियरने त्यांच्याकडून परत उचलली. मध्ये दिवाळी. जोडी आमच्याकडे २७ ला पोचली. तपासणारा माणूस सुट्टीवर, त्यामुळे ३१ ला संध्याकाळी तपासली आणि लगेच रिफंडचं बटण दाबलं. आज त्यांचा मेल आला आहे: "चप्पल जाऊन दोन आठवडे उलटले, पैसे कुठायत? दिवाळी तुमची झाली, आमची नाही."

मी उत्तर लिहून ठेवलंय: "आपला रिफंड प्रोसेसमध्ये असून ५ ते ७ कामाच्या दिवसांत जमा होईल. गैरसोयीबद्दल क्षमस्व." मिस्टर म्हणतात एवढं बास. मला बरं वाटत नाहीये. तारीख द्यावी तर कुठली द्यावी?

खानापूर_एक्सप्रेस

मिस्टरांना सांगा, "प्रोसेसमध्ये" म्हणजे आमच्याकडे तालुका कचेरीत "साहेब मिटिंगमध्ये" म्हणतात तसं झालं.

चिकोडी_७

घाबरू नका ताई. पण रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, उशीर झाला की रोज १०० रुपये गिऱ्हाइकाला द्यायचे. ते मागायच्या आत पैसे टाका. २०१९ चं परिपत्रक आहे, शोधा.

हिशेबनीस (बेळगाव)

चिकोडी, परिपत्रक खरं आहे, २० सप्टेंबर २०१९ चं. पण ते फसलेल्या व्यवहारांचं. म्हणजे गिऱ्हाइकाच्या खात्यातून पैसे गेले आणि दुकानदाराला मिळाल्याचं कळलंच नाही, असं झालं तर. यूपीआयने दुकानात भरलेल्या पैशांसाठी बँकेला व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवस आहेत, पुढे रोजचे १००. इथे व्यवहार नीट झाला, माल पोचला, नंतर परत आला. तो १०० रुपयांचा हिशेब इथे लागू नाही.

वादी_वेणी, उत्तर पाठवायच्या आधी एक बघा. गेटवेच्या पानावर त्या रिफंडपुढे काय लिहिलंय, पेंडिंग की प्रोसेस्ड? आणि १२ आकडी आरआरएन, म्हणजे बँकेचा व्यवहार क्रमांक, दिसतो का?

वादी_वेणी

पेंडिंग. आरआरएनची जागा रिकामी आहे.

हिशेबनीस

मग पैसे अजून तुमच्याकडून निघालेलेच नाहीत. बटण दाबलं म्हणजे फक्त अर्ज झाला. गेटवे रिफंडचे पैसे तुमच्या बँक खात्यातून नाही उचलत. रोजच्या विक्रीचे जे पैसे अजून तुम्हाला सेटल व्हायचे असतात, त्यातून ते कापून घेतं. दिवाळीआधी विक्री जोरात होती, ते पैसे तुमच्या खात्यात येऊनही गेले. दिवाळीनंतर विक्री थंड आणि परतावे मात्र धडाधड. शिल्लक १,८५० नसेल तर रिफंड रांगेत बसून राहतो, कोणी फोन करून सांगत नाही.

शिल्लक बघा आणि इथे सांगा.

वादी_वेणी

शिल्लक ६४० रुपये. आणि या एका जोडीमागे अजून तीन रिफंड रांगेत आहेत. अरे देवा.

टिळकवाडी_काकू

माझंही असंच आहे हो. मी एका मोठ्या ऑनलाइन दुकानातून मिक्सर घेतला, भांडं फुटकं आलं, परत केलं. रिफंड "सक्सेसफुल" म्हणून मेसेज आला, खात्यात एक रुपया नाही. मी रोज पासबुक भरून आणते. कोणाला तक्रार करू?

हिशेबनीस

काकू, तुमचं उलट आहे, तुम्ही गिऱ्हाईक आहात. पैसे कशाने भरले होते, यूपीआयने की कार्डने?

टिळकवाडी_काकू

मुलाच्या फोनवरून. मुलगा हुबळीला असतो.

खानापूर_एक्सप्रेस

काकू, पैसे हुबळीला पोचलेत. पासबुकाची शाई वाचवा.

हिशेबनीस

खानापूरकर बरोबर बोलले. रिफंड ज्या खात्यातून पैसे गेले त्याच खात्यात जातो. फोनवर नंतर दुसरं खातं पहिलं केलं असलं तरी जुन्याच खात्यात. निम्म्या "पैसे आले नाहीत" तक्रारींत माणूस दुसरंच खातं बघत असतो. वादी_वेणी, म्हणून तुमच्या उत्तरात एवढं वाक्य हवंच: "तुम्ही ज्या बँक खात्यातून भरले, त्याच खात्यात येतील."

आता तुमचं काम. बहुतेक गेटवेंत रिफंडसाठी वेगळे पैसे भरायची सोय असते, तिथल्या खात्यावर बँकेतून रक्कम पाठवायची. रांगेतल्या चारही रिफंडची बेरीज करून तेवढी भरा, नाहीतर या सरांच्या आधी दुसऱ्याचाच रिफंड सुटेल. भरल्यावर पेंडिंगचं प्रोसेस्ड होतं आणि आरआरएन उमटतो. गिऱ्हाइकाला द्यायची तारीख त्या दिवसापासून मोजायची. ३१ ऑक्टोबरपासून मोजलीत तर पुन्हा खोटं पडाल.

सुप्रिया_शहापूर

एवढी कटकट कशाला? माझं साड्यांचं आहे. मी सरळ गिऱ्हाइकाच्या यूपीआयवर माझ्या फोनवरून पैसे टाकते आणि मोकळी होते. दहा मिनिटांत गिऱ्हाईक खूश.

हिशेबनीस

सुप्रियाताई, रिफंड गेटवेवर टाकायच्या आधी असं केलंत तर चालेल, हिशेबात नीट नोंदवलंत तर. पण इथे रिफंड आधीच रांगेत आहे. तुम्ही फोनवरून १,८५० टाकले आणि चार दिवसांनी विक्री झाली, शिल्लक आली, तर गेटवे तो रांगेतला रिफंडही सोडून देणार. दोनदा गेले. काही गेटवेंत पेंडिंग रिफंड रद्द करता येतो, काहींत नाही. रद्द झाल्याचं डोळ्यांनी बघितल्याशिवाय हात लावू नये.

अजून एक. गिऱ्हाइकाने चिडून आपल्या बँकेत किंवा अ‍ॅपमध्ये वाद टाकला असेल, तर तिथूनही पैसे कापले जाऊ शकतात. मग गेटवेला आरआरएनसकट दाखवावं लागतं की रिफंड आधीच केलाय. फोनवरून टाकलेले पैसे त्या ऑर्डरचेच होते हे सिद्ध करत बसणं वेगळाच उद्योग.

सुप्रिया_शहापूर

माझ्याकडे निम्म्या ऑर्डरी कॅश ऑन डिलिव्हरी. तिथे तर परत पाठवायला जुनं खातंच नसतं, काय करणार? मागे एकाने बायकोच्या खात्याचा नंबर दिला, आयएफएससी दुसऱ्याच शाखेचा. पैसे गेले, परत आले, आठवडा मोडला आणि शिव्या मला.

मलप्रभा

कॅश ऑन डिलिव्हरीत तारीख अटीसकट द्यायची की. "खात्याचा तपशील गुरुवारपर्यंत मिळाला तर सोमवारी पैसे निघतील." मी बैलहोंगलला खादीचं दुकान बघते, आम्ही असंच करतो. नाव जुळतंय का ते एक रुपया पाठवून बघायचं. आणि मेसेजमध्येच लिहायचं की आम्ही ओटीपी किंवा पिन मागत नाही, पैसे घ्यायला पिन लागत नाही. आजकाल रिफंडच्या नावाने फसवणारे इतके झालेत की खरा दुकानदारसुद्धा चोर वाटतो.

पुणेरी_ग्राहक

मी गिऱ्हाइकाच्या बाजूने बोलतो. "५ ते ७ कामाचे दिवस" वाचलं की माझं डोकं फिरतं. कुठून मोजायचे? शनिवार धरायचा का? तुमची सुट्टी की माझी? ताई, तुमच्या वेबसाइटवर परताव्याचं काय लिहिलंय तेही बघा. तो माणूस तेच उघडून बसला असणार.

वादी_वेणी

वेबसाइटवर आहे: "परत केलेला माल मिळाल्यापासून ७ कामाच्या दिवसांत रिफंड." साइट बनवणाऱ्या पोराने कुठून तरी उचललेलं वाक्य, आम्ही कधी वाचलंसुद्धा नाही.

हिशेबनीस

इथेच खरी गंमत आहे. माल २७ ऑक्टोबरला, सोमवारी आला. दुसऱ्या दिवसापासून मोजा: २८, २९, ३०, ३१ हे चार. १ नोव्हेंबर शनिवार. पहिला शनिवार, म्हणजे एरवी बँका उघड्या. पण कर्नाटकात राज्योत्सवाची सुट्टी. मग ३, ४, ५. निपाणीतून मोजलं तर सातवा दिवस ५ नोव्हेंबर.

पुण्याचा माणूस १ तारीख कामाचा दिवस धरणार, त्याच्याकडे राज्योत्सव कुठला? त्याचा सातवा दिवस ४ नोव्हेंबर. तेच वाक्य, दोन राज्यांत दोन तारखा. आणि ५ ला गुरुनानक जयंती, महाराष्ट्रात बँका बंद.

खानापूर_एक्सप्रेस

१ तारखेला आमच्याकडे काय असतं ते सांगायला नको. त्या दिवशी रिफंड मिळाला काय, न मिळाला काय.

चिकोडी_७

पण हिशेबनीस, यूपीआय तर सुट्टीदिवशीपण चालतं. एनईएफटी पण २४ तास. मग कामाचे दिवस कशाला मोजायचे?

हिशेबनीस

पैसे पळतात २४ तास, पण रिफंडची फाइल गेटवे आणि त्याची बँक आपापल्या वेळेला पुढे सरकवतात. यूपीआयचा रिफंड बहुतेक वेळा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पोचतो. तरी गेटवे स्वतः ५ ते ७ कामाचे दिवस म्हणतं, कारण अधूनमधून एखादा अडकतो. गिऱ्हाइकाला लेखी द्यायची तारीख त्या अडकणाऱ्यासाठी धरायची.

उद्या मंगळवारी ४ ला पैसे भरून प्रोसेस्ड झालं असं धरू. ५ बंद. ६, ७ हे दोन. ८ दुसरा शनिवार, ९ रविवार. १० ते १४ पाच. एकूण सात. म्हणजे शुक्रवार, १४ नोव्हेंबर.

सुप्रिया_शहापूर

१४!! त्या बिचाऱ्याला वेबसाइट ५ म्हणते आणि तुम्ही १४ सांगणार? तो कोर्टात जाईल.

पुणेरी_ग्राहक

कोर्टात नाही, १९१५ ला फोन करेल. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मी केला असता.

मलप्रभा

मलाही १४ जड वाटतंय. बहुतेक ६-७ ला पोचणारच आहेत तर ७ सांगा की. लवकरची तारीख वाचून माणूस शांत होतो.

हिशेबनीस

आणि शंभरातला तो एक अडकला तर ८ तारखेला दुसरा मेल येईल, "तुम्ही ७ म्हणाला होता." त्यानंतर तुमच्या कुठल्याच तारखेवर त्याचा विश्वास बसणार नाही. मी दोन्ही लिहायला सांगेन. जे आपल्या हातात आहे त्याची तारीख पक्की, "४ नोव्हेंबरला आमच्याकडून पैसे निघाले." जे बँकेच्या हातात आहे त्याची शेवटची तारीख, "१४ नोव्हेंबरपर्यंत." आणि तिसरं, १४ ला नाही आले तर तुम्ही काय करणार, तेही आत्ताच.

वेबसाइटचं म्हणाल तर "७ दिवसांत रिफंड" म्हणजे निघणार की पोचणार, ते तुमच्या वाक्यात नाही. गिऱ्हाईक पोचणारच धरतो आणि ते चूक नाही. ई-कॉमर्सचे २०२० चे ग्राहक संरक्षण नियम आहेत. त्यात तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिन्यात निकाली काढायची, असं आहे. आजचा मेल ही तक्रारच आहे. तेव्हा आरआरएन येईपर्यंत गप्प बसू नका, आजच दोन ओळींची पोच द्या: "मेल मिळाला, उद्या संध्याकाळी ६ पर्यंत तारखेसह उत्तर देते."

वादी_वेणी

पोच पाठवली. पैसेही भरले, चारही रिफंडचे. एक विचारायचं राहिलं. तपासणीला उशीर झाला ते लिहू की नको? मिस्टर म्हणतात कुरियरवर ढकल.

कोगनोळी_टोल

कुरियरवर ढकलू नका. त्यांच्याकडे ट्रॅकिंग आहे, २७ ला निपाणीत पोचल्याचं त्यांना दिसतंय. लगेच पकडतील.

बाय द वे, चप्पल तपासता म्हणजे काय बघता? मला वाटायचं पुसून परत डब्यात.

वादी_वेणी

पुसून नाही हो. टाचेची कड बघायची. डांबरावर चालली असेल तर कड राखाडी होते आणि कितीही पुसा, जात नाही. घरात फरशीवर घालून बघितली असेल तर तळाला फक्त थोडी चमक येते, ती आम्ही मान्य करतो. मग अंगठा ताणलाय का, कान वाकलेत का, वादीची शिवण कुठे सुटली का. काही लोक नवी चप्पल चावते म्हणून तेल लावून ठेवतात आणि मग परत पाठवतात, ती जोडी गेलीच. यांची जोडी स्वच्छ होती, तक्रारीला जागाच नाही.

सुप्रिया_शहापूर

हे लिहा की मग! "तुमची जोडी तपासली, उत्तम स्थितीत आहे, पूर्ण रक्कम मान्य, काही कपात नाही." अर्ध्या लोकांना धास्ती तीच असते की दुकानदार काहीतरी खोट काढून पैसे कापणार.

हिशेबनीस

+१. हे मला सुचलं नव्हतं.

वादी_वेणी, ४ नोव्हेंबर

प्रोसेस्ड झालं, आरआरएन आला. हे पाठवते आहे, बघा बरं:

"नमस्कार सर. तुमची परत आलेली जोडी २७ ऑक्टोबरला आमच्याकडे पोचली. आमचा तपासणारा माणूस दिवाळीच्या सुट्टीवर असल्याने ती ३१ ला तपासली गेली. जोडी चांगल्या स्थितीत आहे, पूर्ण १,८५० रुपये परत देत आहोत, काही कपात नाही. रिफंड ३१ ला टाकला होता, पण आमच्या गेटवे खात्यात शिल्लक कमी असल्याने तो थांबला होता. आज, मंगळवार ४ नोव्हेंबरला, पैसे आमच्याकडून निघाले आहेत. आरआरएन खाली देत आहे. तुम्ही ज्या खात्यातून पैसे भरले त्याच खात्यात शुक्रवार १४ नोव्हेंबरपर्यंत येतील, बहुतेक त्याच्या आधीच. १४ ला संध्याकाळपर्यंत दिसले नाहीत तर हा आरआरएन घेऊन आम्ही स्वतः गेटवेकडे तक्रार टाकू आणि शनिवारी १५ ला दुपारी तुम्हाला फोन करू. तुम्हाला कुठलाही ओटीपी किंवा पिन द्यायची गरज नाही."

चिकोडी_७

लांब झालंय. दोन ओळींत बसवा.

पुणेरी_ग्राहक

अजिबात काढू नका काही. फक्त "शिल्लक कमी" वाचून दुकान बुडतंय असं नको वाटायला. "परताव्यासाठीची शिल्लक" म्हणा.

खानापूर_एक्सप्रेस

"दिवाळीच्या सुट्टीवर" काढा ओ. त्यांनी आधीच मेलमध्ये टोमणा मारलाय, तुम्ही त्याला फटाका लावताय.

हिशेबनीस

खानापूरकरांशी सहमत. "तपासणीला आमच्याकडून चार दिवस लागले" एवढं पुरे. कारण खरं असलं तरी वाचणाऱ्याला त्याचा उपयोग काय? शिल्लक मात्र राहू द्या. ३१ ला टाकून ४ ला का निघाले, हा प्रश्न तो विचारणारच. "फोन करू" ठेवलंत ते छान, पण मग १५ ला खरंच करा.

मलप्रभा

मी अजूनही ७ च म्हणते. ५ ला वेबसाइटची मुदत संपते, आपण वर नऊ दिवस मागतोय.

हिशेबनीस

मागतोय खरे. तुमचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. पण मग ७ ला नाही आले तर खिशातून द्यायची तयारी हवी आणि ती दुहेरी पैशाची भानगड आहेच.

वादी_वेणी, ७ नोव्हेंबर

दोन्ही बदल करून पाठवला होता. काल दुपारी पैसे पोचले, त्यांनी "मिळाले" एवढाच मेल केला. वेबसाइटवरचं वाक्य बदललं: "माल मिळाल्यावर ३ दिवसांत तपासून रिफंड टाकू आणि पैसे कधीपर्यंत पोचतील ती तारीख कळवू." रांगेतल्या बाकी तिघांनाही तारखेसकट कळवलं. त्यातला एक रिफंड मात्र फेल होऊन आलाय, गिऱ्हाइकाचं ते खातं बंद झालंय म्हणे.

हिशेबनीस

तो आता कॅश ऑन डिलिव्हरीसारखाच. फेल झालेली रक्कम गेटवेच्या शिल्लकेत परत जमा झालीय का ते आधी बघा. मग नवीन खात्याचा तपशील लेखी मागा, ऑर्डरच्या नावाशी नाव जुळवा आणि तारीख तपशील मिळाल्या दिवसापासून धरा.

टिळकवाडी_काकू

मिक्सरचे पैसे हुबळीला होते हो. मुलाने खर्चपण केले.